भाईच्या वलीम्यात चार मिनिटं

आमच्याकडच्या लग्नात बहिणीला बोलायची जागाच नसते. निकाहात काझीसाहेब खुतबा देतात, वकील आणि दोन गवाह नवरीकडे जाऊन तिची कबुली घेतात, मेहर लिहिला जातो, दुआ होते, खारका वाटल्या जातात. बहिणीच्या वाट्याला दार अडवून नेग मागणं आलं, बूट लपवणं आलं. म्हणजे दंगा आहे, भाषण नाही. त्यामुळे डिसेंबरात भाईचं लग्न ठरलं तेव्हा वलीम्याला बायकांच्या मंडपात चार शब्द बोलायचं मी जाहीर केलं, तर अम्मी आधी हसली आणि मग घाबरली.

"क्या बोलेगी?" तिनं विचारलं.

"लहानपणची भांडणं."

"या अल्लाह! नयी दुल्हन के सामने?"

पहिला खर्डा चार पानांचा झाला. आठवतील तेवढी चौदा भांडणं मी त्यात कोंबली होती. स्वयंपाकघरात अम्मी चपात्या लाटत असताना घड्याळ लावून वाचलं, तर अकरा मिनिटं लागली. अम्मी म्हणाली, अकरा मिनिटांत बिर्याणीचा दम उतरतो आणि पाहुणे ताटं वाजवायला लागतात. तिचं बरोबर होतं. जेवणाआधीच्या माणसाला चार मिनिटांच्या वर ऐकू येत नाही, पोटच बोलत असतं.

मग काटछाट सुरू झाली. भाई नववीत गणितात नापास झाला, ते प्रगतिपुस्तक त्यानं गादीखाली लपवलं आणि मी ते अब्बांना नेऊन दिलं, हे आमच्या घरात आजही सगळ्यांत जास्त हसवणारं भांडण आहे. तेच मी आधी काढलं. आम्ही हसतो कारण पुढे तो पास झाला हे आम्हाला माहीत आहे. नवरीकडच्या खालाजान, फुफूजान फक्त 'नापास' एवढंच घेऊन घरी जातील. दुसरं एक भांडण चुलतभावाच्या घड्याळावरून झालं होतं. तो चुलतभाऊ पहिल्या रांगेत बसणार होता आणि घड्याळ अजून परत केलेलं नव्हतं. तेही गेलं.

उरली तीन.

पहिलं मिरचीचं. नंदुरबार ज्यांनी हिवाळ्यात पाहिलंय त्यांना पथारी सांगायला नको. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर ओली लाल मिरची पसरलेली असते, बायका ओळीनं बसून देठ खुडतात आणि वारा फिरला की अख्खी गल्ली खोकते. मी आठ वर्षांची, भाई दहाचा. त्यानं पैज लावली की ओली मिरची हाताला झोंबत नाही, सुकलेलीच झोंबते. मी दोन्ही मुठी भरून चुरगाळली. पाच मिनिटांनी हातांची आग सुरू झाली. भाईनं मला हापशावर नेऊन पाणी घातलं, पण मिरचीची आग पाण्यानं जात नाही, उलट पसरते. मी बोंब मारली तेव्हा आता अब्बांचा मार पडणार हे त्याला कळलं. त्यावर त्यानं काय करावं? पथारीकडे धावत गेला आणि मूठभर मिरची स्वतःच्या तळहातांवर चोळून आला. दोघांनाही झोंबलं तर कुणी कुणाला फसवलं हे कोण विचारणार! अम्मीनं चार तळहातांना गोडं तेल चोळलं आणि रात्री दोघांना एकाच वाडग्यातून, तिच्या हातानं, दूधभात भरवला.

दुसरं भांडण टेबलाचं. घरात अभ्यासाला टेबल एकच, तेही बल्बखाली. भाईनं मधोमध खडूनं रेघ ओढली. "ये मेरी बाजू, वो तेरी. कोहनी भी इधर नई आनी." रेघ पुसली जायची म्हणून पुढे त्यानं ती करकटकाच्या टोकानं कोरली. माझ्या बाजूला टेबलाचा पाय डगमगायचा हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याला आधीपासून माहीत होतं.

तिसरं भांडण मी खर्ड्यात लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

मी बारावी झाले तेव्हा धुळ्याला शिकायला जायचं होतं. वसतिगृहात राहावं लागणार होतं. अब्बा जवळजवळ तयार होते. त्या रात्री जेवताना भाई म्हणाला, "इतकी घाई कशाला, नंतर बघू." एवढंच. तो काही रागावला नाही की आडवा पडला नाही. पण घरातला मोठा मुलगा 'नंतर बघू' म्हणाला की बापाच्या मनातली शंका जागी होते. प्रवेशाची तारीख गेली. माझं एक वर्ष गेलं. त्या वर्षात नऊ महिने मी भाईशी बोलले नाही. त्याचं ताट वाढायचे, हाक मारायचे नाही. पुढच्या जूनमध्ये एका सकाळी तो पिशवीत माझी गुणपत्रिका, दाखला, फोटो घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चल, सात की एस्टी है." धुळ्यापर्यंत आम्ही एका सीटवर बसून गेलो, एक शब्द न बोलता. फॉर्मची फी त्यानं भरली. माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. आज मी शाळेत शिकवते ती त्या एस्टीमुळे.

हे सांगावं की नाही? मिरचीचं भांडण मिटून त्यावर साय धरलेली आहे. हे मिटलंय की आम्ही फक्त त्याच्या बाजूनं चालतो, मलाच नक्की माहीत नव्हतं. आणि जे भांडण दोघांत कधी बोललं गेलं नाही ते माइकवर पहिल्यांदा बोलणं म्हणजे भावाला भर मंडपात पकडणं झालं. म्हणून हळदीच्या रात्री मी त्याच्या खोलीत गेले. अंगभर पिवळा, हातात मेंदी, त्यामुळे नाक खाजवायचीही सोय नाही, असा तो बसला होता. मी कागद वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बोल. लेकिन फी का भी बोलना." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "उस साल मैं जलता था तेरे मार्कों पे." दहा वर्षांनी आलेलं हे वाक्य मी भाषणात घेतलं नाही. इथेही त्याला विचारूनच लिहितेय.

आता भाभी. त्या नवापूरच्या. बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलेलं. लग्नाच्या बोलणीत शिक्षणाचा विषय निघाला होता आणि दोन्हीकडच्या मोठ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, 'नंतर बघू'. ते शब्द ऐकून माझ्या कानशिलात घण बसले होते. भाषणाच्या शेवटी सरळ म्हणायचं ठरवलं होतं की भाई, भाभींचा फॉर्म भर. टाळ्या पडल्या असत्या. पण आधी भाभींना फोन केला. त्या हळूच म्हणाल्या, "आपा, इतक्यात नको. माझ्या घरच्यांना वाटेल मीच सांगायला लावलं." मी ते वाक्य काढून टाकलं. पाहुण्या मुलीच्या तोंडी आपली मागणी घालायची आणि वर त्याला स्वागत म्हणायचं, हे माझ्या हातून होता होता राहिलं.

वलीम्याच्या दिवशी माइक पुरुषांच्या मंडपात होता. कनातीखालून वायर ओढून घेण्यात वीस मिनिटं गेली, त्यामुळे भोंगा तिकडेच राहिला आणि माझं बोलणं दोन्हीकडे जाणार हे ओघानंच झालं. भाषा मराठीच ठेवली. समोर माझ्या शाळेतल्या बाई होत्या, अम्मीच्या ओळखीच्या देठ खुडणाऱ्या मावश्या होत्या, नवापूरकडच्या गुजराती मिसळून बोलणाऱ्या बायका होत्या. भांडणातली वाक्यं मात्र जशी घरात बोललो तशीच बोलले, कारण भांडणाचं भाषांतर केलं की ते खोटं वाटतं. मिरचीला मावश्या खो खो हसल्या. त्यातल्या एकीनं बसल्या जागेवरून अहिराणीत विचारलं की मिरची कोणाच्या पथारीवरची होती, आणि माझी चाळीस सेकंदं त्यात गेली.

धुळ्याचं सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. मी फक्त झालं तेवढंच सांगितलं: 'नंतर बघू', नऊ महिने, सातची एस्टी, फी. कनातीपलीकडेही शांतता होती. अब्बा तिकडे होते.

मग भाभींकडे वळून म्हणाले, "भाभी, तुमच्या नवापूरच्या स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावर एक बाकडं आहे, त्याच्या मधून हद्द गेली आहे आणि लोक त्यावर डबा उघडून बसलेले असतात. आमच्या टेबलावरही तशी एक रेघ आहे. डगमगत्या पायाची बाजू माझी. ती आजपासून तुमची. पाय मी दुरुस्त करून घेतलाय. भाईशी भांडायचं झालं तर त्याच्याशीच भांडा, अम्मीला वकील करू नका, मी केलं होतं, ती हरते. आणि तो गप्प बसला तर समजा की त्याला कळलंय. बोलायला त्याला वेळ लागतो."

भाभींनी घुंघट किंचित सावरला. रडतील असं वाटलं होतं, त्या हसत होत्या. माझी खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, "टेबल केवढं आहे?"

चौथीच्या दावतीहून परतल्यावर, तिसऱ्या की चौथ्या दिवशी, भाई अंगणात मोबाइल घेऊन माझ्यापाशी आला. विद्यापीठाचं पान उघडलेलं होतं. "इसमें लास्ट डेट कहाँ लिखी रहती?" त्यानं विचारलं. मी दाखवली. नवापूरच्या कॉलेजातून कागद आणायला लागणार होते, त्याला वाटलं पोस्टानं येतील. भाभी आतून म्हणाल्या, "सकाळची गाडी आहे, जाऊन आणू."

अब्बा ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता त्यांनी विचारलं, "फी कितनी है?"