लेकीचा निरोप

ऑक्टोबर सरला आणि इंग्लंडमधल्या लेकीचे फोन विरळ झाले. मी व्हॉट्सॲपवर विचारले, “रात्री ऑनलाइन दिसतेस, मग आईशी दोन शब्द बोलायला वेळ नाही?” ती लीड्सच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर आले. आपल्या वसतिगृहाच्या पालकांनाही ते उपयोगी पडेल, म्हणून तिच्या संमतीने देते.

“आई, रागावू नकोस. माझी पाळी सकाळी साडेसातला सुरू होते आणि रात्री आठला संपते. फोन लॉकरमध्ये असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे गेली, त्यामुळे आपल्यातले अंतर साडेचार तासांवरून साडेपाच तासांचे झाले. मी सुटते तेव्हा तुझ्याकडे मध्यरात्रीचा दीड वाजलेला असतो. सुट्टीच्या दिवशी दहाला उठते, तेव्हा तुझ्याकडे साडेतीन, आणि तू वर्गात. ऑनलाइन दिसते ती बसमध्ये, उद्याची पाळी बदलली का ते पाहताना. वसतिगृहात असताना भेटीचा रविवार ठरलेला असे. तू त्या दिवशी येणार हे माहीत असायचे, म्हणून मधले दिवस निघत. आताही तसेच करू. चार आठवड्यांचे पाळीपत्रक मिळाले की पाठवीन. ज्या दिवशी फोन करणार त्यावर खूण असेल. बाकीच्या दिवशी आवाजी निरोप.”

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला रमाई आठवल्या. 1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, तेव्हा पत्र बोटीने यायचे. त्यात लिहिलेली खुशाली हाती पडेपर्यंत जुनी झालेली असे. त्यांच्या वाट पाहण्यापुढे माझी तक्रार लहान खरी, पण आईच्या काळजीला असे माप लावता येत नाही.

पाळीपत्रक आल्यापासून ‘लास्ट सीन’ पाहणे सुटले. ते काही सांगतच नाही. माणूस जागे आहे एवढेच कळते. लिहिलेल्या “मी बरी आहे”वरही माझा फारसा विश्वास नाही. आवाजी निरोप मात्र पहाटे वंदनेनंतर ऐकते. परवाचा जेमतेम चाळीस सेकंदांचा होता. बोलणे नेहमीचेच, पण प्रत्येक वाक्याआधी ती थांबत होती. मी लिहिले, “बोलायचे नसेल तर नको. फक्त जेवलीस का ते सांग.” दोन तासांनी उत्तर आले: वॉर्डातल्या एका आजोबांचा मृत्यू झाला होता, आणि ती जेवली नव्हती. त्या दिवसावर खूण नव्हती, तरी आम्ही बोललो. मी शाळेत अर्धा तास उशिरा पोहोचले.

नव्या पत्रकात 14 एप्रिलसमोर तिने रजा मागितली आहे. तोवर तिकडची घड्याळे पुन्हा एक तास पुढे गेलेली असतील.