डावीकडे खरी, उजवीकडे माझी

इअरबड्स परत घ्या, असं मी पहिल्यांदा लिहिलं ते रागाच्या भरात. कारण निवडलं ‘आवाज नीट नाही’ आणि खाली ‘तुम्ही फसवलंत’ असं ठोकून दिलं. विक्रेत्याने मागणी फेटाळली: वस्तू चालू आहे, आवाज येतो. त्यांचंही बरोबरच होतं. माझी तक्रार वस्तू नकली असल्याची होती, आणि नेमकं तेच मी लिहिलं नव्हतं.

त्याआधी आणखी एक घोळ घातला होता. किंमत आणि आयातदाराचं नाव छापलेलं बाहेरचं वेष्टन मी आंजर्ल्यातल्या आमच्या घरी पाणी तापवायच्या चुलीत घातलं होतं. खोका उघडतानाचा व्हिडिओही नव्हता. पुरावा म्हणून उरले ते फक्त खोका, डबी आणि तिच्यातले दोन इअरबड.

दापोलीला मावसभावाकडे त्याच मॉडेलची खरी जोडी होती. ती आणून दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या. पहिले फोटो रात्री फ्लॅश मारून काढले. प्लास्टिक चमकलं आणि दोन्ही सारख्याच दिसू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत, उन्हाच्या तिरिपेपासून दूर, जवळून काढले तेव्हा फरक उघडा पडला. रंगातला फरक मात्र मी मुद्दाम वगळला, कारण तो फोटोत उजेडाप्रमाणे बदलतो आणि त्यावर वाद घालता येतो.

सर्वांत कामाचा फोटो डबीच्या तळाचा निघाला. वायरलेस इअरफोनवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागते. चिन्हाखाली R- आणि आठ आकडे असतात. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये माझ्या डबीवरचा आकडा घातला, तर नोंदणी भलत्याच कंपनीची, आणि वस्तू म्हणून चार्जर! त्या पडद्याचाही फोटो घेतला.

दुसरी मागणी अशी गेली:

‘कारण: वस्तू बनावट. फोटो 1 आणि 2 मध्ये डावीकडे खरी, उजवीकडे मला मिळालेली. फोटो 1: खऱ्या इअरबडवर धातूची जाळी, माझ्या इअरबडवर काळं कापड चिकटवलेलं. फोटो 2: खऱ्या डबीचं झाकण सपाट बसतं, माझ्या झाकणाच्या सांध्यात नख जातं. फोटो 3: खोक्यावरचा अनुक्रमांक आणि झाकणाच्या आतला जुळत नाही. फोटो 4: नोंदणी क्रमांक दुसऱ्या वस्तूचा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे बनावट वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.’

शिव्या एकही नाही, आवाजाबद्दल एक ओळ नाही. यावेळी मागणी मंजूर झाली. घ्यायला आलेल्या पोराने खोक्यावरचा अनुक्रमांक त्याच्या यादीशी ताडून पाहिला आणि विचारलं, “बाहेरचं कव्हर?” चुलीकडे बोट दाखवावं लागलं. त्याने ‘वेष्टन नाही’ असं नोंदवलं, आणि पैसे खात्यात येईपर्यंत माझा जीव त्या दोन शब्दांत अडकला होता.