बावीस रुपये साठ पैसे

आमची थोरली मुलगी दुबईत परिचारिका आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिने वाणसामानाची पावती पाठविली. आम्ही उभयतांनी रविवारच्या मिस्सानंतर ती समोर ठेवून हिशेब मांडला. दिरहमचा भाव तेव्हा बावीस रुपये साठ पैसे होता.

पंधरा लिटर दूध नव्वद दिरहमचे, म्हणजे २,०३४ रुपये. नाशिकला तेच ८४० रुपयांत. दोन किलो तूरडाळ अठरा दिरहम, म्हणजे ४०७ रुपये, येथे ३४०. पाच किलो कांदा तीस दिरहम, म्हणजे ६७८ रुपये. येथे अवघे १२५. एकूण तेथे ३,११९, येथे १,३०५. आम्ही लगेच तिला काटकसरीचा उपदेश केला. आठवड्याने तिचा निरोप आला, "बाबा, दूध बंद केले आहे. चहा कोराच घेते."

त्या कोऱ्या चहाने आम्हांस पुन्हा हिशेबाला बसविले.

डाळीत फरक थोडाच होता, कारण भारतही म्यानमार, मोझांबिककडून तूर विकत घेतो. दोन्हीकडे भाव बराचसा जागतिक बाजाराचा. दूध मात्र नाशवंत. त्याचा भाव त्या त्या ठिकाणचा चारा, मजुरी व शीतगृह यांवर ठरतो. कांद्याचे कारण तर आमच्याच अंगणातले. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली होती. ती ४ मे २०२४ रोजी खुली झाली. त्या काळात लासलगावला भाव कोसळला आणि दुबईत चढला. म्हणजे आमच्या तुलनेतील ती ओळ नेहमीच्या महिन्याची नव्हतीच.

मोठी चूक निराळीच होती. दिरहम डॉलरशी बांधलेला आहे. रुपया घसरला की तिची पिशवी आमच्या वहीत महागते, तिच्या हातात नाही. २०१४ मध्ये दिरहम सुमारे साडेसोळा रुपयांना होता. त्या भावाने हेच १३८ दिरहम २,२७७ रुपये भरले असते.

खरे माप तिच्या पगाराचे. पाच हजार दिरहमांत १३८, म्हणजे हजारामागे अठ्ठावीस. येथे वीस हजार रुपये मिळविणाऱ्या परिचारिकेला १,३०५ रुपये हजारामागे पासष्ट पडतात. अर्थात पिशवी हलकी म्हणून मुलगी श्रीमंत ठरत नाही; तेथील घरभाडे पगाराचा मोठा भाग खाते. म्हणून तिचा खर्च दिरहमांतच मोजावा, आणि रुपये करावेत ते फक्त ती घरी पाठवील त्या शिलकेचे. कारण तेवढेच पैसे नाशिकच्या बाजारात खर्च होणार असतात.

हे आम्ही तिला फोनवर समजावून सांगितले. ती हसली. म्हणाली, "आई, मग दूध आणू ना?"

वहीतील त्या पानावर आम्ही आडवी रेघ मारली.