चौसष्ट बाइट आले कुठून?

रात्री साडेअकराला ही एक ओळ टाइप केली आणि मला खुर्चीत बसवेना:

```c
size_t b = off ^ ((size_t)1 << k);
```

`off` हे ब्लॉकचं स्थान, `k` हा त्याच्या मापाचा घातांक. मोकळ्या झालेल्या ब्लॉकचा जोडीदार कुठे आहे, हे ही ओळ सांगते. त्यासाठी यादी चाळावी लागत नाही की पत्ता कुठे लिहून ठेवावा लागत नाही, फक्त एक बिट उलटवायचा! बेल लॅब्जच्या केनेथ नोल्टन यांनी मेमरी वाटण्याची ही बडी सिस्टिम १९६५ साली लेखातून मांडली. साठ वर्षं झाली त्याला, आणि मला ती परवा भेटली.

मी १०२४ बाइटचा पट्टा घेतला होता. वहीतल्या कागदाची एक लांब पट्टी फाडून तीच समोर ठेवली. कोणी १०० बाइट मागितले की त्याला १२८ द्यायचे, म्हणजे दोनाचा पुढचा घात. पट्टी मधोमध दुमडली, ५१२. पुन्हा दुमडली, २५६. पुन्हा, १२८. पहिला तुकडा 'अ'ला दिला, स्थान ०. उरलेले १२८, २५६ आणि ५१२ आपापल्या मापाच्या मोकळ्या यादीत गेले. मग 'ब'ने २०० मागितले, त्याला २५६ वरचा २५६चा ब्लॉक मिळाला. 'क' आणि 'ड'ला साठ-साठ बाइट हवे होते, म्हणून १२८ वरच्या तुकड्याला आणखी एक घडी पडली: 'क' १२८ वर, 'ड' १९२ वर, दोघेही ६४चे.

आता जोडीदार बघा. १२८ आणि ६४ यांचा एक्सॉर १९२. १९२ आणि ६४ यांचा परत १२८! एकाच घडीतून निघालेल्या दोन तुकड्यांच्या स्थानात नेमका एकच बिट वेगळा असतो, आणि तो बिट म्हणजेच तुकड्याचं माप. कागदावर बोट ठेवून मी हे चार वेळा पडताळलं. एक मात्र सांभाळायचं, स्थान पट्ट्याच्या सुरुवातीपासून मोजायचं. थेट पॉइंटरवर एक्सॉर केला तर पट्टा जिथून सुरू होतो तो पत्ता मध्ये येऊन सगळं बिघडवू शकतो.

आणि मग माझा घोळ झाला. मी 'क' मोकळा केला, 'ड' अजून वापरात होता. पाठोपाठ 'अ' मोकळा केला. थोड्या वेळाने २५६ बाइट मागून त्यात शून्यं भरली, तर 'ड'मधला मजकूर नाहीसा!

मी त्या मागणीच्या आधीचा हिशेब मांडला. मोकळे २५६ आणि ५१२, म्हणजे ७६८. वापरात 'ब'चे २५६ आणि 'ड'चे ६४, म्हणजे ३२०. बेरीज १०८८. पट्टा १०२४चा, मग हे ६४ बाइट आले कुठून?

'अ'चा जोडीदार ० आणि १२८च्या एक्सॉरने १२८ वर निघाला, तिथला ब्लॉक मोकळा होता, म्हणून मी जोडून टाकला. पण तिथे मोकळा होता तो ६४चा 'क'! १२८चा जोडीदार कधीच दुभंगला होता आणि त्याचा दुसरा अर्धा 'ड'कडे होता. नुसतं 'मोकळा आहे का' विचारून भागत नाही, 'तेवढ्याच मापाचा आहे का' हेही विचारावं लागतं.

```c
while (k < 10) {
    size_t b = off ^ ((size_t)1 << k);
    if (!is_free[b / 32] || order[b / 32] != k)
        break;
    remove_block(b);
    off &= ~((size_t)1 << k);
    k++;
}
push_block(off, k);
```

३२ हे माझं सगळ्यात लहान माप. घातांक आणि मोकळेपणाची खूण मी वेगळ्या अ‍ॅरेत ठेवली, कारण ती ब्लॉकमध्येच ठेवली तर नेमके १२८ मागणाऱ्यालाही २५६ द्यावे लागतात. तशीही या पद्धतीत ५१३ मागणाऱ्याच्या पदरात १०२४ पडतात आणि जवळजवळ अर्धे वाया जातात. शिवाय १२८ आणि २५६ वरचे १२८चे ब्लॉक शेजारी असूनही जोडीदार नाहीत, त्यामुळे दोन्ही मोकळे असले तरी ते एकमेकांना जोडता येत नाहीत. हे मला खटकलं, पण जोडीदार एका एक्सॉरमध्ये सापडतो तो याच अटीमुळे.

दुरुस्ती करून पुन्हा चालवलं. 'क' गेला, 'अ' गेला, दोघे आपापल्या जागी थांबले, बेरीज १०२४. मग 'ड' मोकळा केला आणि एकाच हाकेत ६४चे १२८ झाले, १२८चे २५६! 'ब' वापरात होता म्हणून तिथे थांबलं. शेवटी 'ब' सोडला: २५६, ५१२, १०२४. पट्टीच्या सगळ्या घड्या उलगडल्या.

तेवढ्यात आठवलं की लिनक्सचं कर्नल पानं याच पद्धतीनं वाटतं. `cat /proc/buddyinfo` टाइप केलं. प्रत्येक ओळीत अकरा आकडे होते, पहिला ४ केबीच्या मोकळ्या ब्लॉकांचा, शेवटचा ४ एमबीच्या. ब्राउझर बंद केला, कमांड पुन्हा दिली, आणि उजवीकडचे आकडे वाढलेले दिसले.