थर सुटतात ते कडेपासूनच का?

कार्बन फायबर आता आपल्या ओळखीचं झालं आहे. विमानाचे पंख, महागड्या सायकली, टेनिसच्या रॅकेट, सगळीकडे ते दिसतं. पण त्याचा खरा स्वभाव कळतो तो त्याच्या कडेकडे पाहिल्यावर. डॉक्टरेटपासून आजवर माझा बराचसा वेळ अशा कडा पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेला आहे, म्हणून कडेबद्दलच लिहितो.

कार्बनची पट्टी म्हणजे एकावर एक चिकटवलेले पातळ थर. एका थराची जाडी साधारण ०.१२५ मिलिमीटर असते आणि त्यातले सगळे धागे एकाच दिशेने धावतात. धाग्यांच्या दिशेने थर भलता ताठ असतो, पण आडव्या दिशेने तिथे फक्त रेझिनचाच आधार असल्यामुळे त्याच्या जवळपास चौदाव्या हिश्शाएवढाच. म्हणून थर वेगवेगळ्या कोनांत रचावे लागतात. आपल्याकडचे सुतार प्लायवूडबद्दल जे जाणतात तेच हे, एक थर उभा, एक आडवा.

रचनेचे दोन नियम सगळे विद्यार्थी पाठ करतात. पहिला सममितीचा. मधल्या प्रतलाच्या वर जो क्रम, तोच खाली आरशातल्यासारखा हवा, नाहीतर भट्टीतून निघून थंड होताना पट्टी पापडासारखी वळते. दुसरा संतुलनाचा. अधिक ४५ अंशाचा थर असेल तर उणे ४५ चाही हवा, नाहीतर पट्टी सरळ ओढली तरी ती तिरकी सरकते. हे दोन्ही नियम पाळले की गणित सोपं होतं आणि माणूस निर्धास्त होतो. कडेची गोष्ट सुरू होते ती इथून पुढे.

समजा चार थरांच्या दोन पट्ट्या केल्या. पहिलीत ० अंशाचे थर बाहेर आणि ९० चे आत, दुसरीत उलट. दोन्ही सममित आणि दोन्ही संतुलित. नेहमीच्या लॅमिनेट सिद्धांताने काढलं तर ओढताना दोघींचा ताठपणा एकच, थराथरातले ताणही तेच. कागदावर या जुळ्या बहिणी आहेत.

आता पट्टी लांबीच्या दिशेने ०.५ टक्के ताणू. कुठलीही वस्तू ताणली की ती रुंदीत आक्रसते. ० अंशाचा थर एकटा असता, तर लांबीत जितका वाढला त्याच्या ०.३ पट आक्रसला असता. ९० अंशाच्या थरात मात्र धागेच रुंदीच्या दिशेने आहेत. ते आक्रसू देत नाहीत, त्यामुळे त्याचा आकडा ०.०२ च्या आसपास. दोघे चिकटलेले असल्याने तडजोड होते आणि अख्खी पट्टी सुमारे ०.०४ पट आक्रसते. म्हणजे ० च्या थराला हवं होतं त्यापेक्षा फारच कमी, म्हणून त्याच्यात रुंदीच्या दिशेने सुमारे १३ मेगापास्कल ओढ राहते. ९० च्या थरात तेवढाच दाब. दोन्हींची बेरीज शून्य, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही.

पण कडेला काय? कड मोकळी आहे. तिथे थराला धरून ठेवायला पलीकडे कुणी नाही, म्हणून ही १३ मेगापास्कलची ओढ कडेवर शून्यच व्हायला हवी. मग आतली ओढ कोण सांभाळतं? दोन थरांमधलं रेझिन. कडेजवळच्या अरुंद पट्ट्यात, साधारण पट्टीच्या जाडीइतक्या रुंदीत, एका थरातलं बल रेझिनमधून दुसऱ्यात उतरतं. एवढ्यावर भागत नाही. थरातलं बल थराच्या मध्यातून जातं आणि रेझिनचं बल थराच्या पृष्ठभागावर लागतं. दोन्हींच्या रेषा वेगळ्या, म्हणून थर फिरायला बघतो. ते फिरणं थांबवायला जाडीच्या दिशेने बल लागतं, आणि या दिशेने पट्टीत एकही धागा नाही.

इथे जुळ्या बहिणी वेगळ्या होतात. ० चे थर बाहेर असतील तर कडेवर जाडीच्या दिशेचं हे बल थर एकमेकांपासून उचलू बघतं. ९० चे बाहेर असतील तर तेच बल थर एकमेकांवर दाबतं. क्रम फिरवला की चिन्ह फिरतं. पट्टी ओढण्याऐवजी दाबली तरी चिन्ह फिरतं. त्यामुळे कायमचा सुरक्षित असा क्रम नसतो. पट्टीवर कोणता भार येणार, ते आधी विचारावं लागतं.

संतुलन इथे वाचवत नाही. अधिक ४५ आणि उणे ४५ हे थर ताणल्यावर विरुद्ध दिशांना तिरके सरकू बघतात. आत ते एकमेकांना धरून ठेवतात, कडेला ती धरपकड पुन्हा रेझिनवर येते. १९७० मध्ये पाइप्स आणि पॅगानो यांनी नेमका हाच प्रश्न आकड्यांत सोडवून दाखवला.

खरं सांगायचं तर वरच्या उदाहरणातल्या पट्टीत थर सुटण्याआधी बहुधा ९० च्या थरात आडव्या भेगा पडतील. थर सुटणं स्पष्ट पाहायचं असेल तर अधिक-उणे ३० अंशाचे थर बाहेर आणि ९० चे मध्यभागी ठेवतात. तीस अंशाची जोडी ताणल्यावर लांबीत वाढते त्यापेक्षाही जास्त रुंदीत आक्रसू बघते, आणि ९० चा थर जवळपास आक्रसतच नाही. हा बेबनाव इतका मोठा की चीर कडेवरून निघून पट्टीच्या आत सरकत जाते. नासाच्या लँग्ली केंद्रात ओब्रायन यांनी अशाच रचनेवर काम करून १९८२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. प्रयोगात कडेला पांढरा रंग लावला की काळी रेघ डोळ्यांनी दिसते, आणि भार-ताण आलेखाचा उतार थोडा कमी होतो. एरवी अल्ट्रासाउंडने तपासावं लागतं.

ओब्रायन यांनी ताणाऐवजी ऊर्जा मोजली, त्याला कारण आहे. कडेवर दोन थर भेटतात त्या बिंदूपाशी गणितातला ताण अनंताकडे जातो. संगणकात जाळी जितकी बारीक करावी तितका आकडा वाढत राहतो, म्हणून त्या आकड्यावर निर्णय घेता येत नाही. चीर पुढे सरकताना किती ऊर्जा मोकळी होते ते मात्र ठाम सांगता येतं. ती थरांच्या जाडीच्या प्रमाणात आणि ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून एकाच कोनाचे दोन थर लागोपाठ ठेवून प्रत्येक थराची जाडी दुप्पट केली, तर चीर सुमारे ३० टक्के कमी ताणावरच सुरू होते. सारख्या कोनाचे थर गठ्ठ्याने न ठेवता विखरून ठेवा, हा कारखान्यातला सल्ला इथून येतो.

आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, "विमानाचा पंख एवढा रुंद, त्याला अर्ध्या मिलिमीटरच्या कडेचं काय घेऊन बसायचं?" प्रश्न चांगला होता. मी तिला पंखातली बोल्टची भोकं मोजायला सांगितली. प्रत्येक भोक ही मोकळी कड असते, आणि गोल असल्याने तिच्याभोवती फिरताना धाग्यांशी होणारा कोन बदलत जातो. एका बाजूला थर दाबणारा क्रम त्याच भोकाच्या दुसऱ्या बाजूला थर उचलू शकतो.

याच्या उलटही खरं आहे. आम्ही चाचणीला घेतो ती पट्टी जेमतेम २५ मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना कड असलेली. ती कडेवरून सुटली तर मिळालेला आकडा पदार्थाच्या ताकदीचा नसतो, त्या रुंदीच्या आणि त्या क्रमाच्या पट्टीचा असतो. म्हणून कुणी मला ताकदीचा आकडा दाखवला की मी आधी थरांचा क्रम विचारतो, आणि मग पट्टी नेमकी कुठून फाटली ते.