मध्य, मध्यक, बहुलक : नववीच्या वर्गातल्याच आकड्यांवर

गणिताचे सर प्रशिक्षणाला गेले आणि आठवडाभर नववीचे तास माझ्याकडे आले. मी मुळात प्राथमिकची, तिसरी-चौथीत रमणारी. धडा होता सांख्यिकी. मुलांना तिन्ही परिमाणं काढता येत होती. प्राप्तांकांची बेरीज भागिले त्यांची संख्या म्हणजे मध्य, चढत्या क्रमातला मधला तो मध्यक, सर्वांत जास्त वेळा आलेला तो बहुलक. पण "यातलं कुठलं कधी वापरायचं?" असं विचारलं की वर्ग एकदम गप्प. एकाने सांगितलं, "बाई, प्रश्नात जे विचारलंय ते."

त्याच आठवड्यात शाळेत एक विषय चालू होता. नववीचा जादा तास सकाळी नऊला घ्यायचा का? शाळा साडेदहाची. मुख्याध्यापक सरांनी मला सहज विचारलं, "मुलांना यायला सरासरी किती वेळ लागतो, बघा जरा." म्हटलं, चला, पुस्तकातल्या उदाहरणाऐवजी हेच घेऊ.

त्या दिवशी वर्गात २१ जण होते. प्रत्येकाला घरापासून शाळेपर्यंत किती मिनिटं लागतात ते विचारलं आणि फळ्यावर लिहिलं. तीन मुलं ५ म्हणाली, चार १०, सहा १५, दोन २०, एक २५, दोन ३०. उरलेली तिघं लांबच्या वाडीवरची. ती आधी चालत डांबरी रस्त्यावर येतात, मग एसटी. त्यांनी सांगितलं ७५, ९० आणि ९०. बेरीज ५२५, भागिले २१, मध्य २५. अगदी नेमका. मुलं खूश, उत्तर पूर्णांकात आलं.

मी वर्गातून चिंचोके मागवले. "बाई, हे पहिलीचं आहे," असं म्हणून हसले सगळे, पण आणले. पाच मिनिटांना एक चिंचोका असा हिशोब. पाच मिनिटंवाल्याच्या हातात एक, पंधरावाल्याच्या हातात तीन, वाडीवरच्या तिघांकडे १५, १८ आणि १८. एकूण १०५. आता सगळे एकत्र करा आणि सारखे वाटा. प्रत्येकाला पाच आले, म्हणजेच २५ मिनिटं. मध्य म्हणजे सगळं एकत्र करून केलेली सारखी वाटणी, हे सूत्र पाठ असलेल्या मुलांनाही तेव्हाच दिसलं. आणि दुसरं एक दिसलं. १०५ पैकी ५१ चिंचोके एकट्या तिघांनी आणले होते. जवळजवळ निम्मे.

मग विचारलं, ज्याला खरंच २५ मिनिटं लागतात त्याने हात वर करा. एकच हात. २५ पेक्षा कमी लागणारे? पंधरा हात. जास्त लागणारे पाच. म्हणजे "सरासरी २५" असं आपण सरांना सांगितलं तर एकवीसपैकी पंधरा जण त्या आकड्याच्या अलीकडे आहेत. वाडीवरच्या तिघांना बाजूला ठेवून पुन्हा मध्य काढला. २७० भागिले १८, आला १५. तीन जणांनी अठरा जणांची सरासरी दहा मिनिटांनी ओढून नेली. चिंचोक्यांकडे बघून हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मध्यकासाठी सगळ्यांना बाहेर व्हरांड्यात चढत्या क्रमाने रांगेत उभं केलं. दोन्ही टोकांचा एकेक खाली बसला, मग पुढचे दोघे, असं करत अकरावा उभा राहिला. त्याचं उत्तर १५. मग शेवटच्या मुलीला सांगितलं, समज, तुला ९० ऐवजी ३०० मिनिटं लागतात. कुठे उभी राहशील? "तिथंच, शेवटी." आणि अकरावा? तोच. मध्यकाला टोकाची मुलं किती लांब आहेत याच्याशी देणंघेणं नाही, ती टोकाला आहेत एवढंच पुरतं. मुलांना हे फार आवडलं. "मग बाई, मध्यकच बरोबर! सरांना १५ सांगू."

बहुतेक पुस्तकं आणि बहुतेक तास इथं थांबतात. टोकाची संख्या असली की मध्य फसवतो, म्हणून मध्यक वापरा. मला हे अर्धवट वाटतं. आणि त्या दिवशी वाडीवरच्या एकीनेच ते बोलून दाखवलं. "बाई, १५ सांगितलं तर मग आम्ही कुठं गेलो?"

तिचं बरोबर होतं. मध्यकाचा जो गुण तोच इथे दोष. टोकाकडे बघायचं नाही म्हणजे त्या तिघांकडेही बघायचं नाही. मी फळ्यावर एक शक्यता मांडली. समजा, उद्या एसटी वाडीपर्यंत गेली आणि तिघांनाही ४५ मिनिटं लागायला लागली. वर्गाच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट! मध्यक काढा. १५. काहीच घडलं नाही. मध्य काढा. ४०५ भागिले २१, सुमारे १९.३. मध्याला ते कळलं. ज्या मध्याला आपण मघाशी खोटा ठरवलं, त्यालाच त्या तिघांची खबर होती.

आणखी एक. मध्याला २१ ने गुणलं की ५२५ परत मिळतात. मध्यकाला गुणलं तर ३१५, २१० मिनिटं गायबच. म्हणून जिथे शेवटी एकूण बेरीज हवी असते, म्हणजे सहलीचा खर्च, पोषण आहाराचा तांदूळ, तिथे मध्यक घेऊन चालत नाही. तांदळाचा मध्यक काढून शिजवलात तर भात कमी पडू शकतो.

बहुलक या सगळ्यात सोपा म्हणून मुलं त्याला हसण्यावारी नेतात. आमचा बहुलकही १५ च होता, सहा जणांचा. मध्यक १५, बहुलक १५, तिघं वगळून मध्य १५. सगळे एकच सांगतायत म्हणजे पक्कं, असं वर्गाने ठरवून टाकलं. मी फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, यात कुणाचे ७ मिनिटं का नाहीत? कुणाचे १३? सगळे आकडे पाचाच्या पाढ्यातलेच कसे? थोडा वेळ शांतता. मग एक पोरगा म्हणाला, "बाई, आपण अंदाजे सांगितलं ना. पाव तास, अर्धा तास."

दुसऱ्या दिवशी घड्याळ बघून यायचं ठरलं. घरातून निघतानाची वेळ आणि शाळेच्या फाटकातून आत आल्याची वेळ लिहायची. मोजून आलेले आकडे असे :

३, ४, ६, ७, ८, ९, ११, ११, १२, १३, १४, १७, १८, १९, २२, २४, २८, ३३, ७२, ८६, ९४

मध्य ५११ भागिले २१, म्हणजे सुमारे २४.३. कालचा २५. मध्यक अकरावा, १४. कालचा १५. दोघे फारसे हलले नाहीत. बहुलक मात्र १५ वरून ११ वर आला, आणि १५ मिनिटं लागणारं तर वर्गात कुणीच सापडलं नाही! कालचा बहुलक मुलांच्या चालण्याचा नव्हता, पाव तास म्हणायच्या सवयीचा होता. आजचा ११ सुद्धा दोघांच्याच जिवावर. त्यातला एक वाटेत बुटाची नाडी बांधायला थांबला असता तर त्याचे १२ झाले असते आणि बहुलकही १२. मोजून आलेल्या, थोड्याशा आकड्यांवर बहुलकाचा भरवसा धरू नये. लोकांनी तोंडी सांगितलेल्या आकड्यांत ५, १०, १५, ३० यांचे ढीग दिसले की आधी विचारावं, हे मोजलेलं आहे की सांगितलेलं?

पण बहुलकाशिवाय अडतं अशी जागाही आहे. शाळेत कसे येता? पायी १२, सायकल ५, दुचाकीवर १, एसटी ३. एका हुशार मुलाने त्यांना १, २, ३, ४ असे क्रमांक देऊन मध्य काढला. ३७ भागिले २१, १.७६. "म्हणजे वर्ग पायी आणि सायकलच्या मधल्या कशाने तरी येतो," शेजारचा म्हणाला आणि वर्गात हशा पिकला. क्रमांक हे नाव होतं, माप नव्हतं. सायकल ही चालण्याच्या दुप्पट नसते. इथे "पायी" हा बहुलकच काय ते उत्तर. तरी नऊ जण पायी येत नाहीत, हे तोही सांगत नाही.

हा तास घ्यायचा असेल त्या शिक्षकांना एक सांगते. वर्गातलेच आकडे घेताना घरचं उत्पन्न, खाऊचे पैसे, वजन, परीक्षेचे गुण टाळलेले बरे. मध्याचा धडा नीट शिकवायचा तर टोकाचा एक आकडा लागतोच, आणि तो आकडा वर्गात कुणाचा तरी असतो. लांबून येण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट त्या तिघांचा भाव त्या दिवशी वधारला. वजनाचं तसं होत नाही. पालकांनी घरी करून बघायचं तर महिनाभराची रोजची दूधखरेदी, विजेच्या बिलांची युनिटं किंवा मोबाइलवरच्या कॉलची मिनिटं घ्यावीत. कॉलमध्ये गावाकडच्या आजीचा एखादा लांबलचक फोन असतोच.

शेवटी सरांना काय सांगायचं यावर वर्गात बराच वाद झाला. काहींना मध्य द्यायचा होता, काहींना मध्यक. मी मध्ये पडले नाही. वाडीवरच्या मुलीने मोजलेले आकडे एका रेषेवर ठिपक्यांनी मांडले, तेव्हा वाद मिटला. डावीकडे ३ ते ३३ मध्ये अठरा ठिपके, मग मोठी मोकळी जागा, मग ७२ च्या पुढे तीन. हे दोन वेगळे गट आहेत, यांना मिळून एक आकडा द्यायचाच कशाला, असं तिचं म्हणणं. मध्य २४.३ जिथे पडतो तिथे तरी शेजारी एकदोन ठिपके होते. तिच्या गटाजवळ तिन्हींपैकी एकही आकडा फिरकत नव्हता.

मुलांनी कागदावर लिहून दिलं : १८ जणांना ३३ मिनिटांपर्यंत, ३ जणांना ७२ ते ९४ मिनिटं. खाली ठिपक्यांची रेषा. सरांनी कागद वाचला. आधी मला सरासरी विचारणाऱ्या सरांनी आता विचारलं, "या तिघांची एसटी कितीला येते?"

दहा वाजून दहा मिनिटांनी, मुलांनी सांगितलं. त्याआधीची गाडी धरायची तर वाडीवरून सहाला निघावं लागतं.

नववीचा जादा तास आता आठवड्यातून दोनदा दुपारच्या शेवटच्या तासिकेला होतो.