दुकानाची सोयरीक

मुलीसाठी स्थळ सांगून आले की आपण आधी तीन गोष्टी विचारतो : नाव काय, वय किती आणि घरदार कोठे. हीच चौकशी दुकानाचीही करावी लागते, हे मला गेल्या दिवाळीत आमच्या मुखेडच्या घरी, हातात चहाचा कप असताना कळले.

शेजारच्या वहिनी मोबाइल घेऊन लगबगीने आल्या. त्यांचे शिवणयंत्र जुने. सणाच्या तोंडावर ब्लाउजांचा ढीग पडलेला आणि यंत्र घडोघडी धागा तोडत होते. "भाऊजी, बघा की! साडेचौदा हजारांचं यंत्र अडीच हजारांत. पंधराच मिनिटं राहिलीत. पैसे कसे भरायचे तेवढं दाखवा," त्या म्हणाल्या. भिशीची रक्कम त्याच सकाळी त्यांच्या खात्यात पडली होती.

मी पाहिले. नामांकित कंपनीचे नाव होते, कोपऱ्यात कुलपाचे चित्र होते. माझे समाधान झाले. पण नांदेडहून दिवाळीला आलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही लिहिलेलं वाटेत तिसरा कोणी वाचणार नाही. पलीकडे साव बसलाय की चोर, हे कुलूप सांगत नाही." त्याने ते पान मिटून पुन्हा उघडले. उरलेली नऊ मिनिटे पुन्हा पंधरा झाली! वहिनींच्या कपाळावर आठी पडली.

मग चौकशी सुरू झाली. पहिले नाव. दुकानाचा पत्ता पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतच धरायचा, त्यातले `https://` सोडून द्यायचे. टिंबांनी तोडलेल्या तुकड्यांपैकी शेवटचे दोन पाहायचे. शेवटी `.co.in` असेल तर तीन. खरा मालक तेथे कळतो. येथे कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ, मग `sale` आणि शेवटी `.shop` असे होते. ती आडवी रेघ आली की सगळे मिळून एक निराळेच नाव होते आणि असे नाव थोड्या पैशांत कोणालाही घेता येते.

दुसरे वय. `lookup.icann.org` येथे त्याने ते नाव घातले. `Created` या शब्दापुढे नोंदणीची तारीख होती. तिला अवघे १९ दिवस झाले होते आणि पानावर मात्र "१९९८ पासून आपल्या सेवेत" असे ऐटीत छापलेले!

तिसरे घरदार. पानाच्या तळाशी सुरतेचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक होता. "क्रमांक दिलाय म्हणजे खरंच असेल की," मी म्हणालो. या क्रमांकात १५ अक्षरे-अंक असतात आणि पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. येथे मात्र ०७ होते, म्हणजे दिल्ली. भाच्याने `services.gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये तो क्रमांक घातला. गंमत अशी, की क्रमांक खरा निघाला! पण तो भलत्याच पेढीचा होता. कोणा प्रामाणिक व्यापाऱ्याचा क्रमांक उचलून येथे चिकटवला होता. म्हणून क्रमांक खरा आहे एवढ्यावर थांबू नये. नोंदीतले नाव आणि पत्ता दुकानाशी जुळतो का, ते पाहावे.

उरली पैशांची वाट. माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय नव्हती. यूपीआयचे चित्र टिपताच समोर नाव आले ते कंपनीचे नव्हे, कोणा एका माणसाचे. पिन घालण्याआधी दिसणारे हे नाव वाचायला आपण दोन क्षण थांबत नाही.

"म्हणजे नवं दुकान दिसलं की खोटंच समजायचं का?" वहिनींनी रास्त प्रश्न विचारला. भाचा म्हणाला, "नाही मामी. नवा धंदा खराही असतो आणि जुनं नाव विकत घेऊन ठक बसलेलाही असतो. एका खुणेवर निकाल देऊ नये. पण नाव उसनं, वय कोवळं, घर भलत्याचं आणि भाव सहाव्या हिश्शाचा, हे सगळं एके ठिकाणी आलं, की पैसे भरायचे नाहीत." आणि भरून बसलो तर? लगेच १९३० वर फोन करून तक्रार द्यावी. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी कळवले, तरच ते अडवता येण्याची आशा असते.

वहिनींनी पान मिटले. दोन दिवसांनी त्यांनी गावातल्या कारागिराकडून जुने यंत्र दुरुस्त करून घेतले. भाऊबीजेच्या सकाळी ते विनातक्रार चालू होते.

"भाऊजी," त्या हसून म्हणाल्या, "स्थळ हातचं गेलं, पण हुंडा वाचला!"